डीएलपी संपला, रिटेन्शन अडकलं: मागणीचं पत्र कसं लिहावं?

*वाचकाचं पत्र*

आम्ही एका खासगी मालकासाठी गोदाम आणि त्याला लागून दुमजली ऑफिस बांधलं. करार २ कोटी ४० लाखांचा होता, जादा कामांसह फायनल बिल २ कोटी ५२ लाखांचं झालं. कम्प्लीशन सर्टिफिकेट ४ एप्रिल २०२४ चं आहे. ऑगस्टमध्ये ऑफिसच्या टेरेसला गळती लागली, ती ९ सप्टेंबरला दुरुस्त करून दिली. वर्षाचा डीएलपी, म्हणजे निघालेले दोष दुरुस्त करून द्यायचा दोषदायित्व कालावधी, संपून दोन महिने झाले, तरी मालक बिलांतून कापून ठेवलेलं उरलेलं रिटेन्शन सोडत नाहीत. फोन केला की “बघतो” म्हणतात. करारातली कलमं आणि पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. भाषा जरा व्यावसायिक करून द्याल का? मसुदा असा: “महोदय, डीएलपी ४ एप्रिल २०२५ ला संपला आहे. करारानुसार आमचे रिटेन्शन रु. ६,३०,००० आपणाकडे बाकी आहे. आम्ही काम अत्यंत दर्जेदार केले असून सध्या आर्थिक अडचणीत आहोत. कृपया रक्कम लवकरात लवकर द्यावी, अन्यथा आम्हाला कायदेशीर मार्ग पत्करावा लागेल.”
— एक कंत्राटदार

*उत्तर*

भाषा सुधारून देतो, पण ती शेवटी. तुमच्या मसुद्याची भाषा वाईट नाही. अडचण तिच्या आत आहे. तारीख चुकली आहे, रक्कम चुकली आहे, आणि जो कागद मिळाल्याशिवाय पैसे देय होत नाहीत तो कागद तुम्ही मागितलेलाच नाही. हे तसंच ठेवून वाक्यं कितीही घासूनपुसून घेतली, तरी मालकाचा अकाउंटंट पहिल्या दोन ओळींतच पत्र बाजूला ठेवेल. तसं करायला त्याच्याकडे रास्त कारणही असेल.

तारखेपासून सुरू करू. तुमच्या कराराचं कलम १७.१ म्हणतं की डीएलपी “सर्टिफिकेटमध्ये नमूद केलेल्या पूर्णत्वाच्या तारखेपासून” १२ महिने. सर्टिफिकेटवर सही ४ एप्रिलची आहे, पण मजकुरात काम १५ मार्च २०२४ रोजी पूर्ण झाल्याचं लिहिलं आहे. म्हणजे तुमचा कालावधी १५ मार्च २०२५ ला संपला, तुम्ही लिहिता त्याच्या जवळजवळ तीन आठवडे आधी. इथे चूक तुमच्याच विरुद्ध गेली. अनेकदा ती उलटही जाते. ताबा दिल्याच्या दिवसापासून वर्ष मोजलं जातं आणि सर्टिफिकेट मात्र महिनाभर नंतरची तारीख दाखवतं. म्हणून पत्रात नुसती संपल्याची तारीख लिहू नका. कुठल्या कागदावरच्या कुठल्या तारखेपासून किती महिने मोजले, तेही लिहा. वाचणाऱ्याला स्वतः मोजून पाहता आलं की वाद तिथेच मिटतो.

आता रक्कम. तुम्ही फायनल बिलाच्या अडीच टक्के काढले आणि ६,३०,००० लिहिले. पण रिटेन्शन म्हणजे तुमच्या बिलांतून प्रत्यक्ष कापलेले पैसे. त्यामुळे टक्केवारीचं गणित मांडून ते काढायचं नसतं, बिलं समोर ठेवून बेरीज करायची असते. तुमचं कलम १८.१ प्रत्येक आरए बिलातून, म्हणजे काम चालू असताना दिलेल्या बिलातून, १० टक्के कापायला सांगतं, पण एकूण कपात कराराच्या रकमेच्या ५ टक्क्यांवर थांबते. २ कोटी ४० लाखांचे ५ टक्के म्हणजे १२ लाख. पहिलं बिल ३० लाखांचं, त्यातून ३ लाख गेले. दुसरं ४२ लाखांचं, ४ लाख २० हजार. तिसरं ३६ लाखांचं, ३ लाख ६० हजार. इथपर्यंत १० लाख ८० हजार झाले. चौथं २८ लाखांचं होतं, पण त्यातून २ लाख ८० हजार न जाता फक्त १ लाख २० हजार गेले, कारण मर्यादा भरली. पुढच्या कुठल्याही बिलातून, जादा कामाच्या बिलातूनही, काही कापलेलं नाही. १२ लाखांपैकी निम्मे कम्प्लीशनला मिळाले. उरले ६,००,०००. जे ३०,००० कधी कापलेच गेले नाहीत, ते परत मागता येत नाहीत. हा फरक छोटा वाटेल, पण मालकाच्या लेजरमध्ये सहा लाख आणि तुमच्या पत्रात सहा लाख तीस हजार असले की “हिशोब जुळत नाही, तपासून कळवतो” हे उत्तर तयार असतं आणि त्यात आणखी महिना जातो. पत्राला कपातीचा एक पानी तक्ता जोडा: बिल क्रमांक, तारीख, बिलाची रक्कम, कपात, एकूण कपात. शेवटच्या ओळीत कम्प्लीशनला मिळालेली रक्कम वजा करा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डीएलपी संपला की पैसे आपोआप देय होतात, असं तुम्ही धरून चालला आहात. बऱ्याच करारांत तसं नसतं, आणि तुमच्याही नाही. कलम १८.३ नीट वाचा: उरलेलं निम्मं रिटेन्शन “दोषदायित्व कालावधी संपल्यावर व आर्किटेक्टने तसा दाखला दिल्यावर, ठेकेदाराच्या अर्जापासून ३० दिवसांत” द्यायचं आहे. यात तीन अटी आहेत. पहिली काळाने पूर्ण केली. दुसरी, आर्किटेक्टचा दाखला, अजून झालेली नाही. तिसरी, तुमचा अर्ज, तीही नाही, कारण फोन म्हणजे अर्ज नव्हे. म्हणजे कराराच्या भाषेत मालकाने अजून एक दिवसही उशीर केलेला नाही. कायदेशीर मार्गाची धमकी आजच्या पत्रात पोकळ ठरते ती यामुळेच. त्यांचा वकील पहिला प्रश्न विचारेल, दाखला कुठे आहे?

त्यामुळे पत्र दोन गोष्टी मागेल आणि क्रमाने मागेल: आधी आर्किटेक्टकडून दाखला, मग मालकाकडून रक्कम. दाखल्यासाठी वेगळं पत्र लिहावं का? डीएलपी संपायला अजून महिना-दीड महिना असता तर हो म्हटलं असतं. तेव्हा आधी संयुक्त पाहणीची विनंती करायची, पाहणीचा अहवाल सह्यांनिशी घ्यायचा, कालावधी संपताच दाखला मागायचा आणि मग पैशांचा अर्ज करायचा. हे वाचणाऱ्या ज्यांचा डीएलपी चालू आहे त्यांनी हाच क्रम धरावा. तुमच्याबाबतीत कालावधी उलटून गेला आहे, म्हणून एकाच पत्रात दोन्ही मागा. पत्र आर्किटेक्टच्या नावे की मालकाच्या, हे करारातलं नोटिशीचं कलम ठरवतं. तुमच्या करारात अर्ज मालकाला आणि प्रत आर्किटेक्टला असं आहे. पत्ताही करारात दिलेलाच वापरा, साइट ऑफिसचा नको. हातोहात दिलंत तर दुय्यम प्रतीवर पोच, सही आणि तारीख घ्या, कारण ३० दिवस त्या तारखेपासून मोजले जाणार आहेत. ईमेलने दिलेली नोटीस करारात मान्य नसेल तर ईमेल सोबत जरूर करा, पण एकट्या ईमेलवर विसंबू नका.

आता टेरेस. मसुद्यात तुम्ही गळतीचा उल्लेखच टाळलात. समजू शकतो, दुखरी जागा कोण दाखवील! पण मालक पैसे धरून बसले आहेत ते बहुधा याच टेरेसवर, आणि तुम्ही गप्प राहिलात तर पहिलं उत्तर तिथूनच येईल. शिवाय तुमच्या करारात कलम १७.४ आहे: दुरुस्त केलेल्या भागासाठी दुरुस्तीच्या तारखेपासून पुन्हा १२ महिने. दुरुस्ती ९ सप्टेंबर २०२४ ची, म्हणजे त्या भागाचा कालावधी ९ सप्टेंबर २०२५ पर्यंत चालू आहे. “डीएलपी संपला” हे तुमचं वाक्य त्यामुळे पूर्ण खरं नाही. इमारतीचा संपला, टेरेसच्या दुरुस्त तुकड्याचा नाही. (असं कलम ज्यांच्या करारात नाही, त्यांच्या बाबतीत दुरुस्ती केल्याने वर्ष नव्याने सुरू होत नाही. तरी मालक तसं ठामपणे सांगतात, म्हणून कलम दाखवायला सांगावं.)

पण यावरून सगळे सहा लाख अडवता येतात का? नाही. कलम १८.४ सांगतं की काही काम बाकी असेल तर “त्या कामाच्या अंदाजित खर्चाइतकी” रक्कम रोखता येईल. बाकी रक्कम सोडावीच लागते. ही काही तुमच्याच करारातली खास सवलत नाही. आंतरराष्ट्रीय कामांत वापरल्या जाणाऱ्या फिडिकच्या १९९९ च्या रेड बुक या नमुना करारात कलम १४.९ हेच म्हणतं: काम बाकी असेल तर इंजिनिअर त्याच्या अंदाजित खर्चापुरतं प्रमाणन रोखू शकतो. तुमच्या टेरेसवर तर आज बाकी कामच नाही, फक्त मुदत चालू आहे. अगदी कडक अर्थ लावला, की त्या भागाचं रिटेन्शन मुदत संपेपर्यंत राहू द्यावं, तरी आकडा किती? टेरेसच्या वॉटरप्रूफिंगच्या पूर्ण आयटमचं बिल ३,२०,००० होतं. उरलेलं रिटेन्शन म्हणजे कराराच्या रकमेच्या अडीच टक्के, तर त्या आयटमचा वाटा सुमारे ८,००० येतो. सहा लाखांपुढे आठ हजार! हे गणित तुमच्याजवळ तयार ठेवा.

मग पत्रात हे लिहावं का? माझं मत असं: पूर्ण सहा लाख मागा, पण टेरेसचा मुद्दा स्वतःहून मांडा आणि म्हणा की १७.४ लागू आहे असं आपलं मत असेल तर १८.४ प्रमाणे आर्किटेक्टने लेखी ठरवलेल्या रकमेपुरतंच रोखा, बाकी सोडा. काहींना हा कच्चा डाव वाटेल, आपणच पळवाट दाखवली असं. मला तसं वाटत नाही. आजवर मालकाकडे दोनच पर्याय होते, सगळं देणं किंवा काहीच न देणं, आणि ते दुसरा निवडत होते. आता “थोडं रोखून बाकी देणं” हा तिसरा, करारात बसणारा पर्याय त्यांच्या अकाउंटंटला मिळतो. मात्र किती रोखावं तो आकडा तुम्ही लिहू नका. तो आर्किटेक्टने खर्चाच्या तपशिलासह सांगायचा आहे. तुम्ही ८,००० लिहिलेत तर बोलणी तिथून सुरू होऊन वर सरकतील.

दुरुस्तीचा पुरावाही तपासा. तुमच्याकडे फोटो आहेत आणि मालकाच्या मॅनेजरचा “आता गळत नाही” असा मेसेज आहे. यापेक्षा भक्कम कागद पाहणीतून मिळेल. संयुक्त पाहणीच्या वेळी टेरेसवर दोन दिवस पाणी साठवून खालच्या स्लॅबचे फोटो घ्या आणि अहवालात निकाल लिहून घ्या. पाहणीत बारीकसारीक नवीन गोष्टी निघतील, दाराची बिजागरी, रंगाचा पोपडा वगैरे. त्यांवर तिथल्या तिथे वाद घालू नका. प्रत्येकापुढे फक्त एकच गोष्ट लिहून घ्या: हा दोष डीएलपी चालू असताना लेखी कळवला होता का? १७.२ नुसार तुमची जबाबदारी कालावधीत कळवलेल्या दोषांची आहे. वापराने झिजलेली किंवा नंतर दिसलेली गोष्ट रिटेन्शन रोखण्याचं कारण होत नाही. पण पाच-दहा हजारांत ती करून देणं सहा लाख अडकवण्यापेक्षा स्वस्त पडत असेल तर “सदिच्छेने, जबाबदारी मान्य न करता” असं लिहून करून टाका.

आता मसुद्यातून काय काढायचं. आर्थिक अडचण काढा. ती खरी असेल, पण तिने हक्काची मागणी उपकाराच्या मागणीत बदलते. “अत्यंत दर्जेदार काम” काढा. त्याने वाचणाऱ्याला गळती आठवते. धमकी काढा. तिच्या जागी फक्त हक्क राखून ठेवणारं एक वाक्य पुरेसं आहे. “लवकरात लवकर” काढा आणि कराराची मुदत घाला. “करारानुसार” एवढं मोघम लिहू नका, कलमाचा क्रमांक द्या आणि त्यातले निर्णायक शब्द अवतरणात उतरवा, सगळं कलम नको. उतरवण्याआधी विशेष अटी पाहून घ्या. सर्वसाधारण अटींत १२ महिने आणि विशेष अटींत २४ असं असेल, तर बहुतेक करारांत विशेष अटी वरचढ असतात आणि तुमचं सगळं पत्र कोसळतं. तुमच्या विशेष अटींत तसं काही नाही, मी पाहिलं.

पत्र असं होईल:

> प्रति: (मालकाचे नाव व करारातील पत्ता)
> प्रत: (आर्किटेक्ट)
>
> विषय: गोदाम व ऑफिस इमारतीचे काम. दोषदायित्व कालावधी पूर्ण झाल्याचा दाखला देणे (कलम १८.३) व उर्वरित रिटेन्शन रु. ६,००,००० मुक्त करणे याबाबत अर्ज.
>
> संदर्भ: १) करारनामा क्र. … दि. … २) कम्प्लीशन सर्टिफिकेट दि. ४ एप्रिल २०२४
>
> महोदय,
>
> संदर्भ २ मध्ये काम दि. १५ मार्च २०२४ रोजी पूर्ण झाल्याचे नमूद आहे. कलम १७.१ नुसार “सर्टिफिकेटमध्ये नमूद केलेल्या पूर्णत्वाच्या तारखेपासून” १२ महिन्यांचा दोषदायित्व कालावधी दि. १५ मार्च २०२५ रोजी संपला.
>
> या कालावधीत आपण लेखी कळवलेला एकमेव दोष, म्हणजे ऑफिसच्या टेरेसची गळती, आम्ही दि. ९ सप्टेंबर २०२४ रोजी दुरुस्त केला. त्यानंतर त्याबाबत तक्रार आलेली नाही. तपशील परिशिष्ट ‘ब’ मध्ये आहे.
>
> कलम १८.१ नुसार कापलेल्या एकूण रु. १२,००,००० पैकी रु. ६,००,००० कामपूर्तीनंतर मिळाले असून रु. ६,००,००० आपणाकडे शिल्लक आहेत. बिलनिहाय हिशोब परिशिष्ट ‘अ’ मध्ये आहे.
>
> तरी विनंती की, १) या पत्राच्या तारखेपासून सात दिवसांत संयुक्त पाहणीची तारीख कळवावी, २) आर्किटेक्ट यांनी कलम १८.३ मधील दाखला द्यावा, ३) हे पत्र त्याच कलमातील अर्ज मानून ३० दिवसांत रक्कम अदा करावी.
>
> टेरेसच्या दुरुस्त भागास कलम १७.४ मधील पुढील कालावधी लागू आहे असे आपले मत असल्यास, कलम १८.४ नुसार आर्किटेक्ट यांनी खर्चाच्या तपशिलासह लेखी निश्चित केलेल्या रकमेपुरतेच रिटेन्शन रोखून उर्वरित रक्कम वरील मुदतीत मुक्त करावी.
>
> करारातील आमचे सर्व हक्क राखून हा अर्ज करीत आहोत.
>
> आपला विश्वासू,
> (नाव, सही, शिक्का)
>
> परिशिष्ट: अ) रिटेन्शन कपातीचा तक्ता ब) टेरेस दुरुस्तीचे कागद व फोटो क) कम्प्लीशन सर्टिफिकेटची प्रत

यातली सात दिवसांची मुदत करारातली नाही, तुमची सूचना आहे, म्हणून ती विनंतीच्या सुरात ठेवली. ३० दिवस मात्र कराराचे आहेत. व्याजाचा उल्लेख मुद्दाम केलेला नाही. उशिरा दिलेल्या रकमेवर व्याज तुमच्या कलम १९ मध्ये आहे, पण उशीर अजून सुरूच झालेला नाही.

पैसे सोडताना मालक एक छापील पावती पुढे करतील, त्यावर “करारासंबंधी आता कोणतीही मागणी शिल्लक नाही” असं असण्याची शक्यता आहे. तुमचा जादा कामांच्या दरांचा वाद अजून खुला आहे ना? मग त्या ओळीवर जशीच्या तशी सही करू नका. “रिटेन्शनपोटी रु. … मिळाले” एवढीच पावती द्या. मालकाला भीती असते की रिटेन्शन गेलं म्हणजे आपला हात सुटला. तसं सहसा होत नाही. छुपे दोष आणि करारभंग यांची जबाबदारी कायद्याच्या मुदतीपर्यंत राहते, फक्त त्यासाठी हाताशी असलेली रोकड जाते. बोलणी अडली तर हे त्यांना सांगायला हरकत नाही, पण पत्रात लिहू नका. आपल्याच जबाबदारीची कबुली लेखी देण्याचं कारण नाही.

३० दिवस उलटले आणि दाखला आलाच नाही, तर दुसरं पत्र आर्किटेक्टला, पैशांसाठी नव्हे तर दाखल्यासाठी: दाखला द्या, नाहीतर कुठल्या दोषामुळे देत नाही ते कलमासह लेखी कळवा. दाखला मिळूनही पैसे आले नाहीत, तर मात्र उशीर खरोखर सुरू झाला. तेव्हा कलम १९ चं व्याज तारखेनिशी मांडा आणि वादनिवारणाच्या कलमात सांगितलेली नोटीस त्याच क्रमाने द्या. उपकंत्राटदारांनी त्याआधी एक पाहावं. मुख्य कंत्राटदाराला मालकाकडून पैसे मिळाल्यावरच तुम्हाला मिळतील असं कलम त्यांच्या वर्क ऑर्डरमध्ये असेल, तर वरच्या कराराच्या डीएलपीची तारीख मागून घ्यावी लागते. ती तुमच्या तारखेपेक्षा बरीच पुढची असू शकते, आणि अशा कलमाचा जोर किती हे त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर ठरतं, तिथे वकिलालाच विचारावं. ज्यांनी रोख रिटेन्शनऐवजी बँक गॅरंटी दिली आहे त्यांनी याच पत्रात रकमेच्या जागी मूळ गॅरंटी परत मागावी. तिची मुदत संपत आली असेल तर मालक ती वाढवून मागतील, म्हणून हा अर्ज मुदत संपण्याच्या बराच आधी पोहोचलेला हवा.